व्हेरा खोटं बोलते, पण निवेदक खोटं बोलतो का? साकीच्या ‘द ओपन विंडो’वर दोन तासिकांचा पाठ



आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजीतून ‘अविश्वसनीय निवेदक’ ही कल्पना शिकवायची असेल, तर साकीची ‘द ओपन विंडो’ ही गोष्ट फार सोयीची आहे. जेमतेम बाराशे शब्दांची गोष्ट. एका तासिकेत वाचून होते आणि शेवटी अशी कलाटणी मिळते की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. साकी हे हेक्टर ह्यू मन्रो यांचं टोपणनाव. जन्म १८७० मध्ये ब्रह्मदेशातल्या अक्याबचा, मृत्यू १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात आघाडीवर. ही गोष्ट त्यांच्या १९१४ च्या ‘बीस्ट्स अँड सुपर-बीस्ट्स’ या संग्रहात आहे.

अडचण पुढे येते. गोष्ट संपल्यावर “यातला अविश्वसनीय निवेदक कोण?” असं विचारलं की वर्ग एका सुरात “व्हेरा!” म्हणतो, आपण “बरोबर” म्हणतो आणि पाठ संपतो. पण ही गोष्ट व्हेरा सांगतच नाही. गोष्ट सांगणारा निवेदक वेगळाच आहे, तो तृतीय पुरुषात बोलतो आणि त्याला नावही नाही. मग अविश्वसनीय कोण, व्हेरा की तो? हा पाठ या एकाच प्रश्नाभोवती बांधला आहे.

गोष्ट थोडक्यात

फ्रॅम्टन नटेल हा मज्जातंतूंच्या दुखण्याने त्रासलेला गृहस्थ विश्रांतीसाठी इंग्लंडमधल्या एका खेड्यात आला आहे. त्याच्या बहिणीने तिथल्या काही लोकांच्या नावे ओळखपत्रं दिली आहेत. त्यातलं एक घेऊन तो मिसेस सॅपलटन यांच्याकडे जातो. बाई वरच्या मजल्यावरून येईपर्यंत त्यांची पंधरा वर्षांची भाची त्याच्याशी बोलत बसते. तीच व्हेरा.

ती सांगते: तीन वर्षांपूर्वी, आजच्याच दिवशी, मावशीचे यजमान आणि मावशीचे दोन धाकटे भाऊ या खिडकीतून शिकारीला गेले, ते दलदलीत गडप झाले. प्रेतंही मिळाली नाहीत. ते परत येतील म्हणून मावशी रोज ही खिडकी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवते. बरोबर तपकिरी कुत्रा होता, यजमानांच्या हातावर पांढरा रेनकोट होता आणि धाकटा रॉनी मावशीला चिडवायला एक गाणं म्हणायचा.

मग मावशी येते, हसतमुखाने “माझे यजमान आणि भाऊ आत्ता येतीलच” म्हणते आणि शिकारीच्या गप्पा मारू लागते. फ्रॅम्टनला वाटतं, बिचारीला भ्रम झालाय. इतक्यात संधिप्रकाशात तीन माणसं आणि एक कुत्रा हिरवळीवरून खिडकीकडे येताना दिसतात. फ्रॅम्टन काठी-टोपी उचलून धूम ठोकतो. आलेली माणसं अर्थातच जिवंत आहेत. पळून गेला तो कोण, असं यजमान विचारतात, तेव्हा व्हेरा शांतपणे दुसरीच गोष्ट सांगते: त्याला कुत्र्यांची दहशत आहे, एकदा गंगेच्या काठी भटक्या कुत्र्यांनी त्याला दफनभूमीत पिटाळलं आणि नुकत्याच खणलेल्या थडग्यात त्याला रात्र काढावी लागली.

वाचण्याआधी दोन शब्द

पहिला, फ्रेंच विंडो. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर खिडकी म्हणजे गज आणि कट्टा. त्यातून तीन माणसं शिकारीला कशी गेली, हे त्यांना कळत नाही आणि सगळी गोष्ट तिथेच अडते. फ्रेंच विंडो जमिनीपर्यंत काचेची असते, दारासारखी उघडते, तिच्यातून थेट बागेत पाऊल टाकता येतं. फळ्यावर चित्र काढून दाखवा.

दुसरा शब्द शेवटच्या वाक्यातला, रोमान्स. आजच्या मुलांना त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो आणि शेवट वाचून वर्गात खसखस पिकते. इथे त्याचा जुना अर्थ आहे: रचलेली, कल्पनेच्या भरारीची गोष्ट. तयारीला वेळ नसताना अशा गोष्टी रचणं ही व्हेराची खासियत आहे, एवढंच ते वाक्य सांगतं. मात्र हा शब्द आधी सांगितला तर कलाटणी फुटते, म्हणून तो वाचन झाल्यावरच घ्या. फ्रेंच विंडो मात्र आधीच.

पहिली तासिका: थांबत वाचन

गोष्ट तीन तुकड्यांत वाचा. पहिला थांबा, मावशी खोलीत येण्याआधी. विचारा: मावशीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे आणि ते कुणी सांगितलं? दुसरा थांबा, तीन आकृत्या दिसतात तिथे. विचारा: ही माणसं कोण? बहुतेक मुलं “भुतं” म्हणतात. म्हणू द्या. तिसरा तुकडा शेवटपर्यंत सलग वाचा.

मग लगेच पहिल्या पानावर परत या. फ्रॅम्टनला व्हेरा पहिल्यांदा काय विचारते, ते मुलांना शोधायला सांगा. ती विचारते की इथल्या पुष्कळ लोकांना तुम्ही ओळखता का. तो म्हणतो, जवळजवळ कुणालाच नाही. माझी बहीण चारेक वर्षांपूर्वी इथे राहून गेली, तिने पत्रं दिली. ती पुन्हा विचारते, म्हणजे माझ्या मावशीबद्दल तुम्हाला जवळपास काहीच माहीत नाही? तो म्हणतो, फक्त नाव आणि पत्ता.

आता फळ्यावर दोनच आकडे लिहा. बहीण इथे होती: ४ वर्षांपूर्वी. दुर्घटना घडली: ३ वर्षांपूर्वी. आणि गप्प बसा. मिनिटभरात कुणीतरी ओरडतंच, “टीचर, तिने मुद्दाम तीन म्हटलं!”

हो, मुद्दामच. पाच वर्षांपूर्वी म्हणाली असती, तर तो म्हणाला असता, बहीण त्यानंतर इथे होती, ती काही बोलली नाही. तीन म्हटल्यावर तो धोका राहत नाही. शिवाय ती स्वतःच वर जोडते की हे तुमच्या बहिणीच्या मुक्कामानंतरचं. पाहुण्याच्या मनात येऊ शकणारी शंका तिने आधीच मिटवली. पहिल्या वाचनात साधी विचारपूस वाटलेले दोन प्रश्न म्हणजे खोटं पकडलं जाईल की नाही याची चाचपणी होती. कलाटणीची गोष्ट दुसऱ्यांदा का वाचायची, हे मुलांना व्याख्येशिवाय इथेच कळतं.

व्हेराच्या गोष्टीत खोटं किती?

मुलांना वहीत दोन रकाने करायला सांगा. डावीकडे व्हेराने सांगितलेल्या आणि पुढे खऱ्या ठरलेल्या गोष्टी, उजवीकडे खोट्या ठरलेल्या.

डावा रकाना भराभर भरतो. माणसं शिकारीला गेली होती, खरं. याच खिडकीतून येणार होती, खरं. तपकिरी कुत्रा, खरा. पांढरा रेनकोट, खरा. रॉनीचं गाणं, खरं. तो ते गातच येतो. खिडकी त्यांच्यासाठीच उघडी आहे, हेही खरं. उजवीकडे उरतं काय? तीन वर्षं, त्यांचा मृत्यू आणि मावशीचा भ्रम. इतकंच.

मुलांना वाटत असतं की खोटं बोलणारा सगळंच खोटं बोलतो. इथे उलटं आहे. खऱ्या तपशिलांच्या भिंतीत तिने एकच खोटी वीट बसवली आहे आणि भिंत खरी असल्यामुळे वीट ओळखू येत नाही. उलट तो कुत्रा आणि तो रेनकोट जसेच्या तसे दिसले म्हणूनच फ्रॅम्टन पळाला. तपशील खरे निघाले, म्हणून त्याला तिची सगळी हकीकत खरी वाटली.

दुसरी तासिका: ‘म्हणे’ची चाचणी

आपल्या मराठीत एक छोटासा शब्द आहे, ‘म्हणे’. “तो आजारी आहे” आणि “तो म्हणे आजारी आहे” यांतला फरक सातवीतलं पोरही सांगेल. दुसऱ्या वाक्यात बोलणारा जबाबदारी घेत नाही. ऐकलेलं सांगतो आणि थोडी शंकाही ठेवतो. इंग्रजीत यासाठी इतका सुटसुटीत शब्द नाही. तिथे ‘अपॅरंटली’ वापरावा लागतो किंवा ‘शी सेज’सारखी जोड द्यावी लागते.

मुलांना गोष्ट मराठीत पुन्हा सांगायला लावा. नियम एकच: जे फक्त व्हेराच्या तोंडून कळलं, तिथे ‘म्हणे’ घालायचं, जे निवेदकाने सांगितलं, तिथे घालायचं नाही. “फ्रॅम्टन मिसेस सॅपलटनकडे गेला. त्यांचे यजमान म्हणे तीन वर्षांपूर्वी दलदलीत बुडाले. त्या म्हणे तेव्हापासून खिडकी उघडी ठेवतात. खिडकी उघडी होती.” शेवटच्या वाक्यात ‘म्हणे’ नाही, कारण ती उघडी खिडकी निवेदकाच्या वाक्यातही आहे. हाच परिच्छेद मग इंग्रजीत लिहून घ्या, प्रत्येक ‘म्हणे’च्या जागी ‘अकॉर्डिंग टू व्हेरा’ किंवा ‘व्हेरा क्लेम्स’ वापरून. रिपोर्टेड स्पीचचा सरावही त्यातच होतो.

मावशीच्या वाक्यांवरही हीच चाचणी लावा. ती म्हणते, माणसं आज स्नाइप पक्ष्यांच्या शिकारीला गेलीत, येतीलच. हे अक्षरशः खरं आहे. खरं बोलणारी बाई वेडी ठरते आणि खोटं बोलणारी मुलगी विश्वासू. वर्गाला विचारा, फ्रॅम्टनने हा निवाडा कशाच्या जोरावर केला? त्याने ज्याचं आधी ऐकलं त्याच्या जोरावर, दुसरं काही नाही.

आणि निवेदक?

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ च्या ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या पुस्तकात रूढ केली. काटेकोर अर्थाने ती गोष्ट सांगणाऱ्याला लागू होते. व्हेरा गोष्टीतलं पात्र आहे. गोष्टीच्या आत ती आणखी एक गोष्ट सांगते. म्हणून तिला ‘आतल्या गोष्टीची अविश्वसनीय निवेदक’ म्हणणं जास्त नेमकं. बाहेरच्या निवेदकाचं काय, हे मुलांनी पुराव्याने ठरवायचं.

त्याच्या बाजूने पुरावे आहेत. सुरुवातीलाच, व्हेरा काही सांगण्याआधी, तो म्हणतो की खोलीत कुणी पुरुष राहत असल्याच्या खुणा जाणवत होत्या. तीन वर्षांपूर्वी घरातले सगळे पुरुष गेले असते तर त्या कशा असत्या? त्याने खरं आपल्यासमोर ठेवलं होतं, आपण ओलांडून गेलो. व्हेराची ओळख करून देतानाही तो तिच्या आत्मविश्वासावर, शांतपणावर बोट ठेवतो. आणि मावशीच्या गप्पा भयंकर वाटतात त्या फ्रॅम्टनला, असं तो स्पष्ट लिहितो. स्वतःच्या नावावर घेत नाही.

त्याच्या विरुद्धही पुरावा आहे. माणसं येताना दिसतात त्या क्षणी तो सांगतो की मुलगी भेदरलेल्या, सुन्न नजरेने खिडकीबाहेर पाहत होती. इथे ‘फ्रॅम्टनला वाटलं’ असं काही नाही. नजरेत भीती होती, असं सरळ विधान आहे. पण व्हेराला कसली भीती? घरचीच माणसं येत होती. ती नजर हा अभिनय होता आणि निवेदकाने तो खरा म्हणून आपल्यापुढे ठेवला.

आणखी एक बारीक जागा. ओळख करून देताना निवेदक तिला तरुणी म्हणतो. ती खोटं सांगू लागते तेव्हा तिचा उल्लेख ‘द चाइल्ड’ असा करतो. शेवटी ती पुन्हा भाची होते. लहान मूल म्हटलं की आपला संशय झोपतो. हे शब्द मुलांना पेन्सिलने गोल करायला सांगा.

मग निवेदक खोटारडा का? इथे दोन्ही उत्तरं चालतात, अट पुराव्याची. एक बाजू म्हणेल, त्या वाक्याच्या आधी फ्रॅम्टन तिच्याकडे वळतो आणि नंतर झटकन खिडकीकडे. म्हणजे मधलं दृश्य त्याच्या डोळ्यांतून आहे, निवेदक फक्त त्याच्या खुर्चीत बसलाय. दुसरी बाजू म्हणेल, आधी तो ‘फ्रॅम्टनला’ असं लिहीत होता, नेमकं इथेच गाळलं, म्हणजे त्याने आपल्याला मुद्दाम चकवलं. मला पहिली बाजू जास्त पटते. निवेदक खोटं विधान करत नाही, तो पाहण्याची जागा बदलतो. पण दुसऱ्या बाजूच्या विद्यार्थ्याने ही वाक्यं दाखवली तर त्याला पूर्ण गुण द्या.

दुसरं खोटं कशासाठी?

गंगाकाठची कुत्री वाचून मुलं हसतात, पण त्याचं काम त्यांच्या लक्षात येत नाही. विचारा: फ्रॅम्टन हे व्हेराला कधी बोलला? पान उलटा आणि शोधा. दोघांचं संभाषण आपण ऐकलं आहे, त्यात फ्रॅम्टन कुत्र्यांचं नावही काढत नाही. पहिलं खोटं उघडं पडायला माणसं परत यावी लागली. दुसरं आपण स्वतः तपासू शकतो. व्हेरा बनवून सांगते, याचा पक्का दाखला हाच, आणि तो निवेदकाने दिला आहे.

इथे भटक्या कुत्र्यांसाठी मूळ इंग्रजीत जो शब्द आहे तो तमिळ प्रदेशातल्या एका जातीच्या नावावरून आलेला आहे. मुलांनी लिहिताना ‘स्ट्रे डॉग्ज’ लिहावं आणि का, तेही एका वाक्यात सांगा.

प्रश्न आणि अपेक्षित उत्तरं

१. गोष्ट सांगण्याआधी व्हेरा फ्रॅम्टनला कोणते दोन प्रश्न विचारते आणि का?
नुसतं “ओळख करून घ्यायला” लिहिलं तर अर्धं उत्तर. त्याला काही माहीत नाही याची खात्री करून घ्यायला, हे यायला हवं.

२. दुर्घटना तीनच वर्षांपूर्वीची का सांगितली?
बहिणीच्या मुक्कामाशी तुलना आली तरच पूर्ण उत्तर.

३. व्हेरा खोटं सांगत असावी असं सुचवणारी एक खूण शेवटाच्या आधी शोधा.
पुरुषांच्या वास्तव्याच्या खुणा, मावशीचा आनंदी सूर किंवा व्हेराचे प्रश्न. “तिचं नाव व्हेरा आहे आणि लॅटिनमध्ये त्याचा संबंध ‘खरं’ या शब्दाशी आहे” असं कुणी शोधून आणलं तर कौतुक करा, पण ही खूण नव्हे, लेखकाची गंमत आहे.

४. फ्रॅम्टनऐवजी निरोगी, बोलका पाहुणा असता तर हे खोटं टिकलं असतं का?
त्याने मावशीला एक साधा प्रश्न विचारला असता तर सगळं संपलं असतं. फ्रॅम्टन मात्र घाबरून विषय बदलतो आणि स्वतःच्या आजाराबद्दल बोलतो. खोटं टिकण्यात ऐकणाऱ्याचाही हात आहे, इथवर उत्तर पोचलं पाहिजे.

५. निवेदक विश्वसनीय आहे का? गोष्टीतल्या दोन वाक्यांच्या आधारे पाच-सहा ओळी लिहा.
आधार नसेल तर मत कितीही चांगलं असो, अर्धेच गुण.

तपासताना एक चूक वारंवार दिसते. मुलं “व्हेरा वाईट मुलगी आहे, खोटं बोलू नये” असं लिहून मोकळी होतात. ते मूल्यशिक्षणाचं उत्तर झालं. प्रश्न तिने ते कसं जमवलं हा आहे. समासात फक्त “कोणत्या वाक्यावरून?” एवढं लिहून वही परत द्या.

पालकांसाठी घरचा अभ्यास एकच आहे. मुलाला फ्रॅम्टनच्या बहिणीची भूमिका द्या. फ्रॅम्टनने घाबरून तिला पत्र लिहून ही सगळी हकीकत कळवली आहे. तिने मिसेस सॅपलटनना एकच प्रश्न विचारणारं इंग्रजी पत्र लिहायचं, ज्याच्या उत्तरावरून खरं-खोटं कळेल. प्रश्न नेमका सापडला, तर पाठ समजला असं समजा.